तांबं कुठे लावायचं, ॲल्युमिनियम कुठे

५० वॅटचा एलईडी फ्लडलाइट सुरू केला की त्या विजेतला पंधराएक वॅटचा भाग प्रकाश होऊन बाहेर पडतो. उरलेल्या साधारण ३५ वॅटची उष्णता होते आणि ती तयार होते चिपच्या आत, नखाएवढ्या जागेत. जुन्या बल्बची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेली असायची, त्यामुळे तिची बरीच उष्णता किरणांच्या रूपाने प्रकाशासोबतच निघून जायची. एलईडीला ती सोय नाही. तिच्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. सगळी उष्णता चिपच्या पाठीमागून, धातूतून वाहून नेऊन हवेत सोडावी लागते. त्यासाठी मागे पात्यांचा धातूचा ठोकळा बसवलेला असतो. त्याला हीट सिंक म्हणतात.

हे काम नीट झालं नाही तरी दिवा लगेच बंद पडत नाही, म्हणून दोष लवकर लक्षात येत नाही. पांढरी एलईडी २५ अंशांवरून ८५ अंशांवर गेली की तिचा प्रकाश दहाएक टक्क्यांनी उतरतो. जास्त तापमानात वर्षानुवर्षं चालली की चिपवरचं सिलिकॉन आणि पिवळा फॉस्फर थकतो, रंग बदलतो आणि उजेड कायमचा कमी होतो. त्याच पेटीत वीजपुरवठ्याचा ड्रायव्हर असेल तर त्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं. म्हणून चिपचं तापमान चार-पाच अंशांनी खाली आणण्यासाठीही दिवे बनवणारे धडपडतात, आणि त्या धडपडीत पहिला प्रश्न येतो तो धातूचा. तांबं की ॲल्युमिनियम?

कोष्टक पाहिलं तर उत्तर सोपं वाटतं. उष्णता वाहून नेण्याची क्षमता वॅट प्रति मीटर प्रति अंश या मापात मोजतात. शुद्ध तांब्याचा आकडा ३९० ते ४००, तर हीट सिंकसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ६०६३ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सुमारे २००. तांबं जवळजवळ दुप्पट चांगलं. ‘कॉपर हीट सिंक’ असं लिहिलेल्या दिव्याला जास्त पैसे मोजावेसे वाटतात ते याच हिशेबाने. पण धातू दुप्पट चांगला असला म्हणून दिवा दुप्पट थंड राहत नाही. किती थंड राहतो, ते एका दिव्याचा पूर्ण हिशेब मांडून पाहू.

चिपपासून हवेपर्यंत

आपल्या ५० वॅटच्या दिव्यात एक सीओबी आहे, म्हणजे एकाच पट्टीवर अनेक बारीक चिपा बसवून वरून फॉस्फर ओतलेली पिवळी टिकली. तिची प्रकाश देणारी जागा दोन सेंटिमीटर व्यासाची. मागे ॲल्युमिनियमचा हीट सिंक. त्याचा तळ साडेदहा सेंटिमीटरचा चौरस आणि सहा मिलिमीटर जाड. त्यावर बारा पात्या, प्रत्येक सहा सेंटिमीटर उंच आणि दोन मिलिमीटर जाड. पंखा नाही. पात्या उभ्या असल्यामुळे हवा त्यांच्यामधून आपोआप वर चढते. दिवा विदर्भातल्या एखाद्या आवारात लावलाय आणि उन्हाळ्यातल्या रात्री बाहेर ४० अंश आहेत असं धरू.

उष्णता चिपमधून निघून हवेत मिसळेपर्यंत चार टप्पे पार करते, आणि प्रत्येक टप्प्यावर काही अंश खर्च होतात. हिशेब उलटा, हवेकडून चिपकडे करू. पंख्याशिवाय, आपोआप वाहणाऱ्या हवेत, एक चौरस मीटर पृष्ठभाग हवेपेक्षा एका अंशाने गरम असेल तर किरणांचा वाटा धरूनही साधारण सातच वॅट उष्णता बाहेर टाकतो. आपल्या पात्यांचा एकूण पृष्ठभाग आहे साधारण १५०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका चौरस मीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा. तेवढ्या जागेतून ३५ वॅट बाहेर पडायचे तर हीट सिंकला हवेपेक्षा सुमारे ३४ अंश जास्त तापावं लागतं. म्हणजे तळ गेला ७४ अंशांवर.

दुसरा टप्पा तळाच्या आतला. उष्णता दोन सेंटिमीटरच्या टिकलीतून येते आणि साडेदहा सेंटिमीटरच्या तळभर पसरते. या पसरण्यात साडेसहा अंश जातात. तिसरा टप्पा सीओबी आणि तळ यांच्यामधल्या थर्मल पेस्टचा. पातळ थर नीट बसला तर तिथे दोन अंश जातात. चौथा टप्पा सीओबीच्या आत, चिपपासून तिच्या पाठीपर्यंत. तिथे चौदाएक अंश जातात, पण तो कारखान्यातच ठरलेला असल्यामुळे दिवा बनवणाऱ्याच्या हातात नसतो.

बेरीज केली तर ४० अंशांच्या हवेत सीओबीची पाठ ८३ अंशांच्या आसपास आणि आतली चिप ९७ अंशांच्या आसपास तापते. दिवा चालेल, पण सुरक्षिततेसाठी फारशी जागा उरलेली नाही. अशा वेळी ‘तांबं वापरू या’ असा विचार मनात येणं स्वाभाविक आहे.

तांबं घातलं तर

आकार तोच ठेवून फक्त धातू बदलू. हवेचा टप्पा ३४ अंशांवरून साडेतेहतीसच्या आसपास येतो, म्हणजे जेमतेम अर्धा अंश वाचतो. याचं कारण पाती हातात घेऊन पाहिली तर कळतं. ॲल्युमिनियमच्या पातीत बुडाशी ७४ अंश असतात तेव्हा टोकाशी ७२ असतात. उष्णता टोकापर्यंत आधीच पोचलेली आहे. तांब्याची पाती टोक ७३ अंशांवर ठेवेल, पण त्यामुळे हवेला उष्णता देण्याच्या कामात दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडत नाही. अडचण धातूतून वाहण्यात नाही, धातूवरून हवेत जाण्यात आहे. आणि हवेला समोर कोणता धातू आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप रुंद केला आणि नळ अर्धाच उघडा ठेवला तर बादली लवकर भरत नाही, तसंच हे आहे.

पसरण्याचा टप्पा मात्र खरोखर सुधारतो. साडेसहा अंशांचे साडेतीन होतात. पेस्ट आणि सीओबीच्या आतल्या टप्प्यांवर काहीच परिणाम होत नाही. सगळं मिळून साडेतीन-चार अंशांची बचत होते आणि चिप ९७ अंशांवरून ९३ वर येते.

त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मोठी आहे. हा हीट सिंक भरतो २२० घन सेंटिमीटर. ॲल्युमिनियमचा असेल तर वजन ६०० ग्रॅम, तांब्याचा असेल तर जवळजवळ दोन किलो. खांबावर, छताला, कलत्या आधारावर दोन किलो टांगायचे म्हणजे आधारही जाड हवा आणि वाऱ्यातल्या हादऱ्यांचाही विचार करायला हवा. किलोच्या भावात तांबं ॲल्युमिनियमच्या तिप्पट-चौपट महाग असतं. वर तेवढ्याच आकाराला सव्वातीनपट वजन लागतं. म्हणून त्याच आकाराच्या कच्च्या मालाला दहा-बारा पट पैसे जातात.

घडवण्याचा खर्च आणखी वेगळा. ६०६३ ॲल्युमिनियम साडेचारशे-पाचशे अंशांना तापवून साच्याच्या तोंडातून दाबलं की पात्यांसकट लांबच लांब पट्टी बाहेर येते आणि हवी तेवढी कापून घेता येते. याला एक्स्ट्रूजन म्हणतात. तांब्याला याहून कितीतरी जास्त तापमान आणि दाब लागतो, आणि इतक्या बारीक पात्यांचा साचा त्यात टिकत नाही. म्हणून तांब्याच्या पात्या ठोकळ्यातून एकेक करून तासून उभ्या कराव्या लागतात किंवा पत्र्याच्या बनवून तळाला डाख देऊन जोडाव्या लागतात.

आता त्याच ॲल्युमिनियमच्या हीट सिंकच्या पात्या सहाऐवजी सव्वासात सेंटिमीटर उंच करू. लागणारं जादा ॲल्युमिनियम ८० ग्रॅमच्या आसपास. पृष्ठभाग वीस टक्क्यांनी वाढला, त्यामुळे हवेचा टप्पा ३४ अंशांवरून २९ वर येतो. पाच अंशांची बचत. चौदाशे ग्रॅम जास्तीचं वजन वाहून तांब्याने जे दिलं असतं, त्याहून जास्त ८० ग्रॅम ॲल्युमिनियमने दिलं. पंख्याशिवाय चालणाऱ्या दिव्यांमध्ये तांब्याचे हीट सिंक सहसा दिसत नाहीत त्यामागे हा हिशेब आहे. त्याला काटकसर म्हणणं बरोबर नाही.

ॲल्युमिनियम सगळं सारखं नसतं

धातू निवडताना ज्याकडे दुर्लक्ष होतं ती गोष्ट याच्या पुढची आहे. रस्त्यावरच्या दिव्याचं अंग पावसापाण्याला बंद हवं, त्याला वळणं, भोकं, बिजागऱ्या हव्यात. एक्स्ट्रूजनने असं अंग बनत नाही, म्हणून ते वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने साच्यात भरून, म्हणजे डाय-कास्टिंगने, बनवतात. धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरावा म्हणून त्यात दहा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. पण ही मिसळ उष्णतेच्या आड येते. एडीसी१२ या नेहमीच्या ओतीव मिश्रधातूची वहनक्षमता ९५च्या आसपास असते.

म्हणजे तांब्यापेक्षा ६०६३ निम्मं आणि ६०६३पेक्षा ओतीव ॲल्युमिनियम निम्मं. आपला हीट सिंक त्याच मापात ओतून घेतला तर पसरण्याचा टप्पा साडेसहावरून साडेतेरा अंशांवर जातो, पात्यांमध्येही अंशभर वाढतो आणि चिप आठएक अंशांनी जास्त तापते. तांब्याने जे कमावता आलं असतं त्याच्या दुप्पट इथे गमावलं जातं, आणि दोन्ही दिव्यांच्या खोक्यावर ‘ॲल्युमिनियम हीट सिंक’ एवढंच लिहिलेलं असतं. जाणता कारखानदार ओतीव अंगात चिपच्या मागची जागा मुद्दाम जाड ठेवतो, किंवा चिप आधी ६०६३ अथवा शुद्ध ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवतो आणि मग ती पट्टी अंगाला घट्ट बसवतो. उष्णता अंगापर्यंत पोचेपर्यंत चांगली पसरलेली असली की ओतीव धातूचा दोष फारसा जाणवत नाही.

तांब्याची खरी जागा

आपल्या हिशेबात तांब्याने एकाच टप्प्यावर फरक पाडला होता, उष्णता लहान जागेतून मोठ्या जागेत पसरते तिथे. उगम जितका लहान तितका हा टप्पा महाग. म्हणून जिथे खूप वॅट अगदी छोट्या जागेतून येतात तिथे तांब्याला पर्याय उरत नाही. हातातली शक्तिशाली टॉर्च हे त्याचं उत्तम उदाहरण आहे.

अशा टॉर्चमधल्या एकट्या एलईडीची मागची उष्णता देणारी जागा साडेतीन मिलिमीटर चौरसाची असते आणि तेवढ्यातून दहा वॅट उष्णता येऊ शकते. एलईडी ज्या छोट्या पट्टीवर बसवतात ती सहसा ॲल्युमिनियमची असते. वर तांब्याचा पातळ थर आणि दोहोंच्या मध्ये वीज अडवणारा, दशांश मिलिमीटर जाडीचा थर. हा मधला थर उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमपेक्षा शंभर पटींनी कच्चा. तेवढ्याशा जागेतून दहा वॅट त्याच्यातून गेले तर कागदावर चाळीसएक अंश तिथेच खर्च होतात. वरचा तांब्याचा थर उष्णता थोडी पसरवतो म्हणून प्रत्यक्षात आकडा काहीसा कमी असतो, पण आपल्या फ्लडलाइटमधल्या हवेच्या टप्प्याएवढा खर्च एका कागदाएवढ्या थरात होतो हे खरं.

उपाय असा, की पट्टी तांब्याची घ्यायची, एलईडीच्या मधोमध तो थर वगळायचा, तिथे तांब्याचा उंचवटा ठेवायचा आणि एलईडीची पाठ थेट त्या तांब्यावर डाख द्यायची. विजेचे दोन टोकांचे सांधे बाजूला, वेगळे. ॲल्युमिनियमवर असा डाख साध्या पद्धतीने धरत नाही, कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा कडक थर बनतो. तांब्यावर डाख सहज बसतो. इथे तांबं दोन गुणांनी जिंकतं, उष्णता पसरवतं आणि सांधा मधे काहीही न ठेवता जोडू देतं. टॉर्चचं बाहेरचं अंग मात्र बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचंच असतं, आणि ते योग्य आहे. उष्णता तिथे पोचेपर्यंत पसरलेली असते, पुढचं काम पृष्ठभागाचं आणि हवेचं असतं.

‘ॲल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं’

बाजारात एक समज पक्का आहे, तांबं उष्णता पटकन घेतं पण धरून ठेवतं, ॲल्युमिनियम पटकन सोडतं. दिवा सलग चालत असताना याला आधार नाही. तेवढ्याच आकाराचं तांबं ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त उष्णता साठवतं, त्यामुळे ते तापायलाही जास्त वेळ लागतो आणि निवायलाही. पण तासाभराने तापमान स्थिर झालं की साठवणीचा संबंध संपतो. मग जेवढी उष्णता येते तेवढीच बाहेर जाते, आणि ती किती सहज जाईल हे पृष्ठभाग ठरवतो.

पृष्ठभागाचा परिणाम खरा आहे आणि तो धातूच्या नावापेक्षा त्यावरच्या थरावर अवलंबून आहे. घासून चकचकीत केलेलं ॲल्युमिनियम किंवा तांबं किरणांनी जवळजवळ काहीच उष्णता टाकत नाही. काळ्या पृष्ठभागाच्या पाच टक्क्यांएवढीसुद्धा जेमतेम. ॲनोडाइझ केलेलं ॲल्युमिनियम ऐंशी टक्क्यांच्या आसपास टाकतं. पंख्याशिवायच्या दिव्यात किरणांचा वाटा दुर्लक्ष करण्याएवढा छोटा नसतो. त्यासाठी काळा रंगच हवा असं नाही; बिनरंगी ॲनोडाइझिंगही या कामात जवळजवळ तेवढंच चांगलं असतं, कारण या उष्णतेच्या किरणांना डोळ्याला दिसणारा रंग दिसत नाही. म्हणून शोभेसाठी लखलखीत ठेवलेला तांब्याचा हीट सिंक साध्या ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा जास्त तापलेला आढळू शकतो.

दोन्ही धातू एकत्र करायचे असतील तर कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असतील आणि त्यांच्यात खारट ओल शिरली तर बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. सांध्याभोवती पांढरी भुकटी दिसू लागली की ती सुरू झाली असं समजावं. त्या भुकटीने सांधा सैल होतो आणि उष्णतेची वाटच तुटते. तांब्याची पट्टी बंद, कोरड्या पेटीच्या आत असेल तर हा धोका टळतो, आणि तिच्यावर निकेलचा मुलामा असेल तर तो कमी होतो.

दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं

दिवा जास्त तापतो अशी तक्रार आली की धातू बदलण्याआधी तीन ठिकाणचं तापमान मोजावं. दिवा तासभर चालू द्यावा. सीओबीच्या पट्टीवर उत्पादकाने तापमान मोजण्यासाठी एक ठिपका छापलेला असतो. बारीक थर्मोकपल तिथे लावावं. दुसरं माप चिपच्या जवळ हीट सिंकच्या तळावर, तिसरं पातीच्या टोकावर. इन्फ्रारेड बंदुकीने मोजायचं असेल तर चकचकीत धातूवर ती फार कमी आकडा दाखवते. म्हणून तिथे काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजावं. विजेच्या जोडण्यांपाशी हात घालण्याआधी पुरवठा बंद असलाच पाहिजे.

ठिपका खूप गरम आणि तळ त्यामानाने थंड असेल तर दोष पेस्टमध्ये किंवा स्क्रूंच्या दाबात आहे. पेस्टऐवजी अर्धा मिलिमीटर जाडीचा हलका पॅड घातला असेल तर आपल्या दिव्यात दोन अंशांऐवजी चाळीसहून जास्त अंश तिथेच जातात. जगातला सर्वोत्तम तांब्याचा हीट सिंक मागे लावला तरी ते परत मिळत नाहीत. चिपजवळचा तळ गरम पण पाती बरीच थंड असेल तर उष्णता पसरत नाही. तळ पातळ आहे किंवा धातू ओतीव आहे, आणि इथे जाड पट्टी किंवा तांबं खरोखर उपयोगी पडेल. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आणि सगळेच चढे असतील तर धातूने आपलं काम चोख केलं आहे; कमी पडतोय तो पृष्ठभाग किंवा हवा. पात्या आडव्या झाल्यात का, त्यांच्यात धूळ भरली आहे का, दिवा बंद खोबणीत बसवला आहे का, ते पाहावं.

याच कारणाने हाताला चटका देणाऱ्या पात्या वाईट दिव्याची खूण ठरत नाहीत. आपल्या फ्लडलाइटच्या पात्या ७२ अंशांवर आहेत; त्यांना हात लावून धरवणार नाही, पण त्या तेवढ्या तापल्या म्हणूनच ३५ वॅट बाहेर जाताहेत. चिंता करावी ती झगझगीत दिव्याच्या गार पात्यांची, कारण मग उष्णता चिपपाशीच अडकलेली असते.

दिवा बनवणाऱ्याने किंवा विकत घेणाऱ्याने निवड करताना एवढं पाहावं. चिपच्या पाठीशी पहिल्या काही मिलिमीटरांत चांगला धातू आणि घट्ट, पातळ सांधा. उगम लहान असेल तर तिथे तांबं. त्यानंतर उभ्या, मोकळ्या, ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमच्या भरपूर पात्या. खोक्यावरच्या ‘कॉपर’ या शब्दापेक्षा छापलेल्या ठिपक्यावरचं तापमान किती आणि कोणत्या हवेत मोजलं, हे विक्रेत्याला विचारावं. ज्याने मोजलं असेल तो सांगू शकेल.